पाऊस आला तेव्हा दोन विकेटची किंमत १८ धावा होती

प्रश्न: सर, आमचा ५० ओव्हरचा सामना होता. समोरच्यांनी २४० केल्या. आमची ३०वी ओव्हर चालू असताना २ बाद १२० होत्या, तेव्हा स्कोअरर म्हणाले की तुम्ही पुढे आहात. त्याच ओव्हरच्या शेवटच्या दोन बॉलवर दोन विकेट गेल्या, पाऊस आला तो थांबलाच नाही, आणि आम्ही १२ धावांनी हरलो असं जाहीर झालं. धावा तर १२०च होत्या, मग दोन बॉलमध्ये असं काय झालं? पार स्कोअर आणि टार्गेट एकच का? तक्रार करण्यात अर्थ आहे का?

उत्तर:

तुम्ही दिलेले आकडे मी डकवर्थ-लुईसच्या छापील तक्त्यावर लावून पाहिले. १२ धावा बरोबर येतात. तुम्हाला ते लागलंय हे प्रश्नावरूनच कळतं, म्हणून नुसतं ‘नियमानुसार आहे’ म्हणून सोडत नाही. नाशिकमध्ये मी २० वर्षांहून जास्त काळ स्कोअरिंग करतो आहे. गोल्फ क्लबच्या, म्हणजे आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या कडेला, आभाळ भरून आल्यावर स्कोअररच्या टेबलाभोवती जी गर्दी होते, त्यातला प्रत्येक जण हाच प्रश्न विचारत असतो. मे महिन्यातला वळीव असो की ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, तो ओव्हर संपायची वाट पाहत नाही.

आपण सगळे धावा मोजत बसतो. ही पद्धत मात्र धावांच्या आधी शिदोरी मोजते. इंग्रजीतल्या रिसोर्सला मी मुलांना शिकवताना शिदोरी म्हणतो, कारण शब्द नेमका बसतो. फलंदाजी करणारा संघ मैदानात उतरतो तेव्हा त्याच्या गाठीला दोन गोष्टी असतात, ५० ओव्हर आणि १० विकेट. दोन्ही मिळून शिदोरी १०० टक्के. बॉल टाकला गेला की ती थोडी कमी होते आणि विकेट पडली की एकदम कमी होते. धावा म्हणजे त्या शिदोरीच्या बदल्यात तुम्ही जे कमावलं ते. सामना मध्येच थांबला तर तक्ता एवढंच बघतो, की तुम्ही शिदोरी किती खर्च केली आणि तेवढ्या खर्चात समोरच्या संघाच्या मानाने किती कमावलं.

आता तुमचा सामना. ३० ओव्हर झाल्या, २० शिल्लक. तक्त्यात २० ओव्हरच्या ओळीत पाहिलं तर २ विकेट गेलेल्या असताना शिल्लक शिदोरी ५२.४ टक्के. म्हणजे खर्च झाली ४७.६. समोरच्यांनी पूर्ण १०० टक्के वापरून २४० केल्या, तेव्हा ४७.६ टक्क्यांत २४० च्या ४७.६ टक्के धावा व्हायला हव्यात. त्या होतात ११४.२४. अपूर्णांक सोडून द्यायचा, पार स्कोअर ११४. तुमच्या १२०, म्हणजे सहा धावांनी पुढे. स्कोअररनी तुम्हाला जे सांगितलं ते खरं होतं, आणि दोन बॉल आधी तर पार याहूनही एक-दोन धावांनी खाली असणार.

त्याच ओळीत एक घर उजवीकडे सरका. ३ विकेट गेल्या तर शिल्लक ४९.१, खर्च ५०.९, पार १२२. आणखी एक घर सरका. ४ विकेट गेल्या तर शिल्लक ४४.६, खर्च ५५.४, आणि २४० चे ५५.४ टक्के म्हणजे १३२.९६. अपूर्णांक सोडला की पार १३२. तुमच्या १२०. बारा धावांनी मागे.

११४ चे १३२ झाले. तिसऱ्या विकेटने ८ धावा नेल्या, चौथीने १०. तुमच्या धावा जागच्या जागी राहिल्या, पण तेवढ्याच धावा करायला तुम्ही जास्त शिदोरी मोडली. चौथी विकेट तिसरीपेक्षा महाग पडली याचं कारण तुम्हाला फलंदाजीच्या क्रमातच दिसेल. तीन बाद असताना मागे अजून दोन-तीन चांगले फलंदाज असतात. चार गेले की पुढच्या जोडीनंतर खालची फळी सुरू होते, आणि उरलेल्या २० ओव्हर पूर्ण खेळून काढता येतील की नाही, इथपासून शंका सुरू होते. तक्त्यात या शंकेचाच आकडा मांडलेला आहे.

सगळा हिशेब एका ओळीत मावतो. पहिल्या संघाचा डाव पूर्ण झाला असेल आणि दुसऱ्या संघाचा डाव एकदाच थांबून तिथेच संपला असेल, तर:

```
पार = पहिल्या संघाच्या धावा × (१०० − शिल्लक टक्के) ÷ १००
```

आणि उत्तराचा अपूर्णांक नेहमी खाली सोडायचा. १३२.९६ ला १३३ म्हणायचा मोह होतो, तो टाळायचा.

आता पार आणि टार्गेट. हे एक नाही, आणि या एका धावेच्या फरकाने एक यजमान संघ विश्वचषकातून बाहेर गेला आहे. पार म्हणजे बरोबरी. पारवर थांबलात तर सामना टाय, पारपेक्षा एक जास्त असेल तर जिंकलात. टार्गेट मात्र जिंकण्यासाठी लागणारा आकडा असतो, म्हणजे त्यात ती एक धाव आधीच धरलेली असते.

३ मार्च २००३, डर्बन. श्रीलंकेच्या ९ बाद २६८, दक्षिण आफ्रिका पाठलाग करत होती आणि पाऊस जवळ आलेला होता. ४५वी ओव्हर मुरलीधरनची. मैदानावर निरोप पोचला होता की ओव्हरअखेर २२९ हव्यात. मार्क बाउचरने पाचव्या बॉलवर षटकार मारला, स्कोअर ६ बाद २२९ झाला, आणि काम झालं असं समजून त्याने शेवटचा बॉल नुसता अडवला. पावसाने खेळ तिथेच थांबला तो थांबलाच. सामना टाय झाला आणि आफ्रिका आपल्याच घरच्या स्पर्धेत साखळीतच गारद झाली.

हा हिशेब तुम्ही स्वतः करून बघा, कारण तो याच तक्त्यावर तंतोतंत जुळतो. ५ ओव्हर शिल्लक, ६ विकेट गेलेल्या, शिल्लक शिदोरी १४.३. खर्च ८५.७. २६८ चे ८५.७ टक्के म्हणजे २२९.६८. अपूर्णांक सोडला, पार २२९. जिंकायला २३०. ड्रेसिंग रूममधून गेलेला आकडा खरा होता, फक्त तो पारचा होता आणि तो टार्गेट म्हणून वाचला गेला. यात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी बोलत नाही. शेवटच्या बॉलवर बाउचरने धोका पत्करला असता आणि विकेट गेली असती, तर सातव्या विकेटच्या घरात शिल्लक १२.५ आहे, म्हणजे पार एकदम २३४ झाला असता. तेव्हा बॉल जपून खेळण्यात त्याची चूक नव्हती. २२९ पुरतात हा समज खरा असता तर तो बॉल अडवणं हाच शहाणपणा होता. त्याला फक्त एक धाव पळायला सांगायला हवं होतं.

म्हणून मी कर्णधाराला पार स्कोअरचा कागद देताना वर मोठ्या अक्षरांत लिहितो, ‘हा आकडा = टाय’. ज्यांना एवढं वाचायलाही वेळ नसतो त्यांना तोंडी सांगतो, की कागदावर दिसेल त्यात एक मिळवा.

विकेटची किंमत कधी किती असते, हे कळलं की पुढच्या वेळी आभाळ पाहून काय करायचं ते तुम्हालाच सुचेल. २४० चाच पाठलाग धरा आणि २ बादचे ४ बाद झाले असं समजा. २० ओव्हर झाल्यावर, म्हणजे ३० शिल्लक असताना, २ बादला पार ७८ आहे आणि ४ बादला ११०. दोन विकेटची किंमत ३२ धावा. ३० ओव्हर झाल्यावर तीच किंमत १८, ती तुम्ही भोगलीत. आणि ४५ ओव्हर झाल्यावर, ५ शिल्लक असताना, २ बादला १९९ आणि ४ बादला २०१. फक्त २ धावा!

कारण सरळ आहे. पाच ओव्हरच उरल्या असतील तर आठ विकेट हातात असोत की सहा, त्या सगळ्या वापरायला बॉलच नाहीत. ३० ओव्हर उरल्या असतील तर प्रत्येक विकेट पुढच्या कितीतरी ओव्हर पोसणार असते. म्हणून २०व्या ते ३०व्या ओव्हरच्या दरम्यान ढग दाटून आले की घाईघाईने पार गाठायला उंच फटके मारणं बहुतेक वेळा अंगाशी येतं. त्या वेळी एक चौकार चार धावा देतो आणि तो मारताना गेलेली विकेट आठ-दहा ते पंधरा धावा नेते. ४२व्या-४३व्या ओव्हरनंतर मात्र खुशाल मारा. आपल्याकडे मी नेमकं उलटं पाहतो. मधल्या ओव्हरमध्ये पाऊस येणार म्हणून धडपडतात आणि शेवटी विकेट सांभाळत बसतात.

तुमच्याच सामन्यात समजा अर्ध्या-पाऊण तासाने पाऊस थांबला असता आणि अंपायरनी १० ओव्हर कापून खेळ पुन्हा सुरू केला असता. ४० ओव्हरचा सामना झाला. सरासरीने विचार केला तर २४० चे १९२, टार्गेट १९३, विकेट कितीही गेलेल्या असोत. तक्ता तसं करत नाही. तो विचारतो, पावसाने तुमची शिदोरी नेमकी किती नेली?

२ बाद असता तर २० ओव्हर शिल्लक असताना ५२.४ होती, पुन्हा खेळायला आलात तेव्हा १० ओव्हर शिल्लक, त्या घरात ३०.८. पावसाने २१.६ नेली. तुम्हाला एकूण मिळाली ७८.४. २४० चे ७८.४ टक्के १८८.१६, टार्गेट १८९. म्हणजे ६० बॉलमध्ये ६९. आणि ४ बाद होता तसे पुन्हा आला असता तर ४४.६ मधून २८.३ वजा, पावसाने नेली १६.३. एकूण मिळाली ८३.७, पार २००, टार्गेट २०१. ६० बॉलमध्ये ८१.

हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. ज्यांच्याकडे विकेट कमी त्यांना जास्त धावा? पण नीट बघा. आठ विकेट हातात असलेल्या संघाने त्या दहा ओव्हरमध्ये खूप कमावलं असतं, त्यामुळे त्यांचं नुकसान मोठं आणि सवलतही मोठी. चार बाद झालेल्या संघाला त्या दहा ओव्हर तेवढ्या फळल्या नसत्या, त्यांचं नुकसान लहान. शिवाय आधी तुम्हाला १२० बॉलमध्ये १२१ हव्या होत्या आणि आता ६० बॉलमध्ये ६९ किंवा ८१, म्हणजे धावगती वाढलीच. ती वाढायलाच हवी, कारण तेवढ्याच विकेट आता निम्म्या बॉलमध्ये उधळायला मोकळ्या झाल्या. डाव सुरू होण्याआधीच ओव्हर कापल्या तरी हेच दिसतं. ४० ओव्हर आणि दहाच्या दहा विकेट म्हणजे शिदोरी ८९.३, टार्गेट २१५. ओव्हर २० टक्के गेल्या आणि धावा १० टक्केच कमी झाल्या म्हणून लोक चिडतात, पण विकेट तर एकही गेलेली नाही ना!

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. तुमच्या स्पर्धेत कोणी असंच करत असेल तर तुम्ही ते पकडू शकाल.

काही वर्षांपूर्वी एका क्लब सामन्यात दुसऱ्या डावात पाऊस आला, ओव्हर कापल्या गेल्या, मी नवा पार कागद काढून दोन्ही संघांना दिला. जुना परत घेतला नाही. तो फलंदाजी करणाऱ्या संघाच्या तंबूत खांबाला चिकटपट्टीने लावलेला तसाच राहिला, आणि बारावा खेळाडू त्याच्यावरूनच आकडे ओरडून सांगत राहिला. पाच-सहा ओव्हरनंतर पुन्हा पाऊस आला, तेव्हा ते आनंदाने बाहेर पडले आणि हरलेले होते. त्या कर्णधाराचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

चूक किती मोठी असू शकते ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. २ बाद १२० वर थांबला, १० ओव्हर कापल्या, पुन्हा खेळलात आणि एकही विकेट न गमावता ३५ ओव्हरअखेर १४० वर पोचलात. जुन्या कागदावर ३५ ओव्हरच्या ओळीत २ बादच्या घरात १३७ दिसतात. तीन धावांनी पुढे, चला, जपून खेळू. पण जुना कागद समजतो की अजून १५ ओव्हर उरल्या आहेत. उरल्या आहेत ५. खरा हिशेब असा, की ५ ओव्हर आणि २ बाद म्हणजे शिल्लक १६.८, पावसाने आधीच नेली २१.६, या दोन्ही १०० मधून वजा करा. खर्च ६१.६. पार १४७. तुम्ही सात धावांनी मागे आहात आणि संघ सुखाने एकेक धाव पळतो आहे.

त्या दिवसापासून मी जुना कागद हातात घेऊन फाडल्याशिवाय नवा देत नाही, आणि नव्यावर पेनाने दोन गोष्टी लिहितो, आता डाव किती ओव्हरचा आहे आणि कागद किती वाजता काढला. तुम्ही कर्णधार असाल तर कागद हातात आल्यावर आधी एकूण ओव्हरचा आकडा बघा. तो मैदानावरच्या फलकाशी जुळत नसेल तर कागद निरुपयोगी आहे.

दुसरी चूक कागद वाचण्याची. बहुतेक छापील कागदांवर ओव्हरअखेरचे आकडे असतात. ओव्हर अर्धी झालेली असताना पाऊस आला तर त्या दोन ओळींच्या मधला आकडा लागतो, त्यासाठी प्रत्येक बॉलची वेगळी ओळ असलेला तक्ता वापरतात. आणि विकेट पडली की घर बदलायचं असतं, तेही ताबडतोब. विकेटचा जल्लोष चालू असताना, नवा फलंदाज यायच्या आत, पार बदललेला असतो. तुमच्या सामन्यात ‘पुढे आहात’ हा निरोप चौथ्या बॉलचा होता. शेवटच्या बॉलनंतरचा निरोप तुमच्यापर्यंत आलाच नाही, आणि आला असता तरी उपयोग नव्हता, कारण त्यानंतर एकही बॉल पडला नाही.

असंच आंतरराष्ट्रीय सामन्यात भारताच्या बाबतीत जवळपास झालं होतं. ऑगस्ट २०२३, आयर्लंडमध्ये मालाहाइडला टी-ट्वेंटी. आयर्लंड ७ बाद १३९. भारताची सुरुवात छान झाली आणि मग सातव्या ओव्हरमध्ये लागोपाठच्या दोन बॉलवर यशस्वी जयस्वाल आणि तिलक वर्मा गेले. थोड्याच बॉलनंतर पाऊस आला, ६.५ ओव्हर, २ बाद ४७. पार ४५. दोन धावांनी जिंकलो. टी-ट्वेंटीत हिशेबाची पद्धत हीच, फक्त सुरुवातीची शिदोरी १०० नसून २० ओव्हर आणि दहा विकेटच्या घरातली असते, आपल्या छापील तक्त्यात ५६.६. आणि निकालासाठी दुसऱ्या संघाला किमान ५ ओव्हर खेळायला मिळाव्या लागतात. ५० ओव्हरच्या सामन्यात हा आकडा २० आहे. तुमच्या ३० झाल्या होत्या, म्हणून निकाल लागला. १९व्या ओव्हरमध्ये धो-धो कोसळला असता तर सामना रद्द होऊन दोघांना गुण वाटून मिळाले असते.

हा तक्ता परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोघा इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी तो पुष्कळ सामन्यांच्या सरासरीवरून बसवला. १ जानेवारी १९९७ ला हरारेमध्ये झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात तो पहिल्यांदा वापरला गेला. सरासरी असल्यामुळे त्याला माणसं ओळखता येत नाहीत. तुमचा बाद झालेला चौथा फलंदाज शतकवीर होता की बढती देऊन पाठवलेला गोलंदाज, तक्त्याला दोन्ही सारखेच. ओला बॉल गोलंदाजाच्या हातातून निसटतोय हेही त्याला माहीत नाही.

याहून खोल दोष मोठ्या धावसंख्येच्या वेळी दिसतो. समोरच्यांनी ३६० केल्या आहेत असं समजा. तुम्ही २५ ओव्हरमध्ये बिनबाद १२१ आहात आणि पाऊस आला. २५ ओव्हर आणि दहा विकेट म्हणजे शिल्लक ६६.५, खर्च ३३.५, पार १२०. जिंकलात! उरलेल्या २५ ओव्हरमध्ये २४० हव्या होत्या, म्हणजे ओव्हरमागे साडेनऊहून जास्त, तरी जिंकलात. तक्ता धरून चालतो की संघ आधी सावकाश खेळेल आणि शेवटी मारेल. २४० च्या सामन्यात ते बरोबर आहे. ३६० करणारा संघ मात्र पहिल्या ओव्हरपासून मारत असतो, शेवटासाठी तेवढं काही राखून ठेवलेलं नसतं.

हा दोष लुईसच्या लक्षात आला तो १९९९ च्या विश्वचषकात ब्रिस्टलला, भारत-केनिया सामन्याच्या वेळी. वडील गेल्यावर घरी येऊन परत गेलेल्या सचिनने नाबाद १४० केल्या तोच सामना, भारताच्या २ बाद ३२९. पुढे संगणकावर चालणारी आवृत्ती आली, तिच्यात पहिल्या संघाची धावसंख्या मोठी असेल तर शिदोरीचा उतारच बदलतो. २०१४ पासून ती ऑस्ट्रेलियाचे प्राध्यापक स्टीव्ह स्टर्न सांभाळतात, म्हणून आता नाव डकवर्थ-लुईस-स्टर्न. टीव्हीवरच्या सामन्यांचा पार त्या सॉफ्टवेअरमधून येतो. तेव्हा छापील तक्त्यावर हिशेब करून ‘टीव्हीवाल्यांचा आकडा चुकला’ म्हणू नका, आणि उलटही करू नका. तुमच्या सामन्यात तक्त्याचे आणि जाहीर झालेले आकडे जुळतात, म्हणजे तिथे छापील आवृत्तीच वापरलेली दिसते. २४० सारख्या धावसंख्येला ती अगदी योग्य आहे.

पहिल्याच डावात पाऊस आला तर हिशेब थोडा वेगळा होतो आणि कधी कधी दुसऱ्या संघाला समोरच्यांनी केल्या त्याहून जास्त धावांचं टार्गेट मिळतं. तो वेगळा विषय आहे, तुमच्या सामन्याशी त्याचा संबंध नाही.

तक्रारीबद्दल. पद्धतीविरुद्ध तक्रार करू नका, ती टिकणार नाही. पण आकडे तपासायचा हक्क तुम्हाला आहे आणि तो सभ्यपणे वापरायला काहीच हरकत नाही. स्कोअररकडे जा आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, अंपायरनी खेळ थांबवला तेव्हा दोन्ही स्कोअरबुकांत बॉल किती टाकल्याची नोंद आहे. दुसरी, तुमच्या डावाआधी किंवा डावात एखादी ओव्हर कापली होती का. तिसरी, चौथी विकेट पावसाने खेळ थांबवण्याआधीच्या बॉलवर पडली हे दोन्ही पुस्तकांत सारखं आहे का.

यातला तिसरा मुद्दा नीट बघा. समजा एखाद्या पुस्तकात चौथी विकेट नाही आणि अंपायरच्या मते ती चूक नाही, म्हणजे ती विकेट खरंच पडली नव्हती. तरी ३ बादला पार १२२ आहे आणि तुमच्या १२०. म्हणजे त्या हिशेबानेही तुम्ही दोन धावांनी मागेच राहता. तिसरी विकेटही धरली नाही तरच तुम्ही पुढे निघता, आणि ती तर तुम्ही स्वतःच लिहिली आहे. नुसती सरासरी लावली असती तर ३० ओव्हरला १४४ लागल्या असत्या आणि तुम्ही २४ धावांनी हरला असता.

तक्त्याची एक छायाप्रत कीटबॅगमध्ये ठेवा. ३०, २०, १० आणि ५ ओव्हर शिल्लक असतानाच्या चार ओळी पुरतात, डाव सुरू व्हायच्या आत संघातल्या कुणा एकाने त्यांवरून समोरच्यांच्या धावसंख्येचे पार वरच्या सूत्राने काढून ठेवायचे. पहिल्यांदा वीसएक मिनिटं लागतील. अंबडच्या बाजूने काळं दिसायला लागलं की खेळपट्टीवरच्या दोघांना पाण्याच्या बाटलीबरोबर दोन आकडे पाठवा, आत्ताच्या विकेटवर जिंकायला किती आणि आणखी एक गेली तर किती. दुसरा आकडा विसरू नका. चौथ्या बॉलनंतर तुमच्या फलंदाजांना तो माहीत असता, तर पाचवा आणि सहावा बॉल कदाचित त्यांनी वेगळा खेळला असता.